16 सेकंद, अनंत तुकडे

[पहाट. रिकामा सरळ ट्रॅक. खडूची पेटी उघडते.]

हा ट्रॅक 100 मीटरचा आहे. धावणारी मुलगी तो 16 सेकंदांत पार करते. वेग फारसा नाही, पण एकसारखा आहे, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

ती धावण्याआधी आम्ही ट्रॅकवर खडूने खुणा करतोय. पहिली खूण बरोबर मध्यावर, 50 मीटरवर. दुसरी उरलेल्याच्या मध्यावर, म्हणजे 75 वर. तिसरी पुन्हा उरलेल्याच्या मध्यावर, साडेसत्त्याऐंशीवर. पुढेही हेच. जेवढं अंतर उरलंय, त्याचं निम्मं.

[टेप ओढली जाते. गुडघ्यावर बसलेला माणूस, हातात खडू.]

सातव्या खुणेपर्यंत काम सोपं असतं. तिथून अंतिम रेषा 78 सेंटिमीटरवर आहे. दहाव्या खुणेपासून पावणेदहा सेंटिमीटर. बाराव्यापासून अडीचही नाही. चौदाव्या खुणेला उरतात 6 मिलिमीटर, आणि खडूची रेघच त्याहून जाड आहे. इथून पुढे खुणा एकमेकींत मिसळतात, नुसता पांढरा पट्टा दिसतो.

खडू थांबला. खुणा मात्र थांबलेल्या नाहीत. पंधरावी आहे, शंभरावी आहे, लाखावी आहे. कोणतीही खूण घ्या, तिच्या आणि रेषेच्या मधे थोडी तरी जागा उरतेच, आणि त्या जागेलाही मध्य असतो.

[खडूच्या पट्ट्यावर कॅमेरा स्थिर.]

सुमारे 2450 वर्षांपूर्वी दक्षिण इटलीतल्या एलिया नावाच्या ग्रीक वसाहतीत झेनो हा तत्त्वज्ञ राहत होता. त्याने नेमका इथेच अडथळा घातला. रेषेपर्यंत पोहोचायचं तर या सगळ्या खुणा ओलांडायला हव्यात. खुणा अनंत आहेत. अनंत कामं संपवता येत नाहीत. म्हणून ती पोहोचणारच नाही. झेनोचं स्वतःचं लिखाण हरवलं. हा युक्तिवाद आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः ॲरिस्टॉटलमुळे, आणि त्याने तो खोडण्यासाठीच नोंदवला होता.

[मुलगी सुरुवातीच्या रेषेवर. शिट्टी. धाव, संथ गतीत.]

ती तर पोहोचली. ते झेनोलाही ठाऊक होतं. माणसं चालतात, पोहोचतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘चालून दाखवतो’ हे त्याला उत्तर नव्हे. युक्तिवादातली कोणती पायरी चुकली, हे दाखवावं लागतं.

एक उत्तर हमखास ऐकू येतं, आमच्या चमूतूनही आलं: पाऊल एवढं लहान पडतच नाही, शेवटचं पाऊल सरळ रेषेपलीकडे पडतं, विषय संपला. पण खुणा पावलांसाठी नाहीतच. ही चौकट बघा. पाय हवेत आहेत, आणि छाती बाराव्या खुणेच्या वरून सरकतेय. पाऊल कुठेही पडो, छाती प्रत्येक खुणेवरून जाते, एकही चुकवत नाही.

[तीच धाव पुन्हा. कोपऱ्यात घड्याळ.]

आता खुणांऐवजी घड्याळ बघू. पहिल्या 50 मीटरला 8 सेकंद लागले. पुढच्या 25 ला 4. मग 2. मग 1. चौथ्या खुणेवर घड्याळात 15 सेकंद झालेत, 1 उरलाय. मग अर्धा सेकंद, पाव सेकंद. अंतर निम्मं होतं तसा वेळही निम्मा होतो, कारण वेग तोच आहे.

आमचा कॅमेरा सेकंदाला 240 चौकटी टिपतो. बाराव्या खुणेपासून रेषेपर्यंत तिला 4 मिलिसेकंदही लागत नाहीत, आणि दोन चौकटींमधे त्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे तेरावी, चौदावी, लाखावी आणि त्यापुढच्या सगळ्याच खुणा या दोन चौकटींच्या फटीत उरकल्या.

[दोन चौकटी शेजारी-शेजारी.]

ॲरिस्टॉटलचं पहिलं उत्तर जवळपास हेच होतं: अंतराचे अनंत तुकडे करता, तर वेळेचेही करा. दिशा बरोबर आहे. पण एक मेख शिल्लक राहते. अनंत तुकड्यांची बेरीज मर्यादित असू शकते, हे कशावरून? आमचा निम्मा वेळ यातच गेला, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

[रिकामी खोली. फरशीवर कागदी पट्ट्या. कात्री.]

1 सेकंद म्हणजे 10 सेंटिमीटर असं धरू. पहिली पट्टी 80 सेंटिमीटरची, दुसरी 40 ची, मग 20, 10, 5, अडीच. पट्ट्या एकापुढे एक लावत जायच्या. 160 सेंटिमीटरवर फरशीवर एक खूण केली आहे.

प्रत्येक नवी पट्टी खुणेपर्यंतच्या मोकळ्या जागेचं निम्मं भरते. निम्मंच, जास्त नाही. म्हणून पट्टी खूण कधीच ओलांडत नाही. आणि किती मोकळी जागा उरते, तर शेवटी ठेवलेल्या पट्टीएवढीच. दहा पट्ट्यांनंतर उरलेली जागा 160 चा 1024 वा भाग आहे, म्हणजे दीड मिलिमीटर. वीस पट्ट्यांनंतर ती दहा लाखांव्या भागापेक्षाही कमी असेल.

[पट्टीचा बारीक तुकडा चिमट्याने ठेवला जातो.]

सेकंदांच्या भाषेत, n तुकड्यांची बेरीज अशी:

16 − 16/2ⁿ

या सूत्रात अनंत कुठेच आलेलं नाही. दहा तुकडे, वीस तुकडे, ही साधी बेरीज आहे. अनंत तुकड्यांची ‘बेरीज’ कुणी बसून करत नाही. 1821 मध्ये फ्रेंच गणिती कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात तिचा अर्थ असा ठरवला: तुकड्यातुकड्याने होणाऱ्या बेरजा ज्या एका संख्येच्या हव्या तेवढ्या जवळ जातात आणि जवळच राहतात, ती संख्या म्हणजे या श्रेणीची बेरीज. तुम्ही म्हणा, फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी हवा. मी म्हणेन, चौदाव्या तुकड्यापासून पुढे तसाच आहे. तुम्ही दहा लाखावा भाग मागा, मी चोविसावा तुकडा दाखवेन. तुमची कोणतीही मागणी पुरी होते, आणि ती फक्त 16 या आकड्यासाठीच पुरी होते. अशा श्रेणीला अभिसारी म्हणतात. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर एकच, इथे निम्मं, म्हणून ती गुणोत्तर श्रेणी.

शाळेत हे सूत्र दोन ओळींत उरकतात: बेरजेला S म्हणा, निम्मं करा, वजा करा, उत्तर 16. उत्तर बरोबर येतं, पण ते फुकटात मिळालेलं असतं. तीच हातचलाखी 1 + 2 + 4 + 8 + … वर करून बघा. S = 1 + 2S, म्हणून S = −1. वाढत जाणाऱ्या धन संख्यांची बेरीज ऋण! चूक वजाबाकीत नाही. बेरीज अस्तित्वात आहे की नाही हे न तपासता तिला S म्हटलं, तिथे चूक झाली.

[फरशीवर नव्या पट्ट्या. आता निळ्या.]

दुसरी पळवाट जास्त फसवी आहे. तुकडे लहान लहान होत जातात, म्हणून बेरीज आटोक्यात राहते, असं अनेकांना वाटतं. निळ्या पट्ट्या बघा. पहिली 80 ची, दुसरी तिच्या निम्मी, तिसरी पहिलीचा तिसरा भाग, चौथी पहिलीचा चौथा भाग. याही लहान होत शून्याकडे जातात. चौथ्याच पट्टीने 160 ची खूण ओलांडली.

पुढेही त्या थांबत नाहीत. तिसरी आणि चौथी मिळून 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरतात. पुढच्या चार पट्ट्यांतली एकही 10 पेक्षा लहान नाही, म्हणजे पुन्हा 40 च्या वर. त्यापुढच्या आठ, प्रत्येक किमान 5, पुन्हा तेच. असे गट हवे तेवढे करता येतात. चौदाव्या शतकात ओरेम या फ्रेंच विद्वानाने हे असंच दाखवलं होतं. आमची खोली 4 मीटरची आहे. त्र्याऐंशीवी पट्टी, जेमतेम 1 सेंटिमीटरची, समोरच्या भिंतीवर चढली.

[निळी पट्टी भिंतीवर वळते.]

म्हणजे झेनोची शंका वेडगळ नव्हती. तुकडे अनंत आणि प्रत्येक लहान, एवढ्यावर काहीच ठरत नाही. ते किती झपाट्याने लहान होतात, यावर सगळं ठरतं.

कोशीच्या ‘हव्या तेवढ्या जवळ’ या व्याख्येवरच पुढे कलनशास्त्राचा काटेकोर पाया घातला गेला.

एक गोष्ट या बेरजेतून सुटत नाही. किती वेळ लागतो, ते ती सांगते. शेवटचा तुकडाच नसलेली मालिका ‘पूर्ण झाली’ म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञ अजून भांडतात. ॲरिस्टॉटलही आपल्या पहिल्या उत्तरावर समाधानी नव्हता. पुढे त्याने म्हटलं की खुणा रेषेवर आधीपासून मांडलेल्या नसतात, आपण विभागू तेव्हाच त्या होतात.

[पुन्हा ट्रॅक. शिट्टी.]

आता तीच मुलगी, त्याच खुणा, फक्त एक बदल. दर 8 सेकंदांनी शिट्टी वाजेल, आणि प्रत्येक शिट्टीला ती पुढच्या खुणेवर पोहोचलेली हवी. पहिल्या शिट्टीला 50 मीटर, दुसरीला आणखी 25, तिसरीला साडेबारा. म्हणजे प्रत्येक टप्प्यात वेगही निम्मा.

अंतरांची बेरीज तीच आहे, 100. वेळेची मात्र 8 + 8 + 8 + 8… ही कुठेच टेकत नाही. ही धावपटू झेनोच्या मनातली आहे. ती खरोखरच पोहोचणार नाही.

[सहावी शिट्टी. ती आता चालतेय.]

सातव्या टप्प्यात 8 सेकंदांत 78 सेंटिमीटर जायचंय. आठव्यात 39. नवव्यात साडेएकोणीस. पाय जागेवर आहेत, फक्त छाती पुढे झुकतेय. दहाव्यात तिचा तोल जातो, प्रशिक्षक हसतात, ती हसत नाही.

[अकरावी शिट्टी.]

88 सेकंद झाले. छातीपासून रेषेपर्यंत 5 सेंटिमीटरला थोडं कमी. श्वास घेतला तरी शरीर तेवढं हलतं. इथे आम्ही चित्रण थांबवलं.