पत्र क्रमांक 4

पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगत असलेल्या आपल्या एका सभासदाला पाळकसाहेब पत्र लिहायला बसले आहेत. समोर निळे आंतर्देशीय पत्र आहे. तुरुंगात आलेले पत्र अधिकारी उघडून वाचतात हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून अपील किंवा घरातले वाद यांविषयी त्यात ते काही लिहिणार नाहीत; ते बोलणे मुलाखतीसाठी राखून ठेवले आहे. वरच्या कोपऱ्यात ते आधी "पत्र क्र. 4" असे लिहितात. एखादे पत्र वाटेत अडकले आणि तीननंतर एकदम पाचवे हाती आले, तर आतल्या माणसाला ते लगेच कळते, पाळकांनी लिहिणे सोडले असे त्याला वाटत नाही.

पत्त्यात कैदी क्रमांक असतो, पण त्याआधी ते "श्री." लावून पूर्ण नाव लिहितात. मजकूर "प्रिय बंधू, येशूच्या नावात सलाम" असा सुरू होतो.

या सभासदाने पतसंस्थेच्या पैशांचा अपहार केला, आणि त्यात मंडळीतल्याच काही कुटुंबांच्या ठेवी अडकल्या. त्यामुळे "झाले गेले विसरून जा" असे लिहिण्याचा हक्क पाळकसाहेबांना नाही, आणि ते तसे लिहीतही नाहीत.

"तुमचे नाव सभासदांच्या नोंदवहीत आहे आणि ते तसेच राहील. मात्र बाहेर आल्यावर हिशेबाचे काम तुमच्याकडे येणार नाही, हे आजच सांगतो, म्हणजे पुढे मनात खोटी आशा राहणार नाही."

मला या दोन वाक्यांत पत्राचा सगळा जीव दिसतो, कारण मान देताना त्यांनी सत्य झाकलेले नाही.

पुढे ते बायबलमधल्या, फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राकडे वळतात. हे पत्र अवघ्या 25 ओव्यांचे असून पौलाने ते स्वतः बंदिवासात असताना लिहिले. अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवताना त्याला भाऊ म्हणून स्वीकारावे, अशी विनंती पौल करतो, आणि त्याच्याकडे काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. देणे होते हे पौल नाकारत नाही, याकडे पाळकसाहेब मुद्दाम लक्ष वेधतात.

मग एक प्रश्न येतो. "रविवारच्या उपासनेत प्रार्थनेच्या वेळी तुमचे नाव घ्यावे की नाही, हे तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर मी घरीच प्रार्थना करीन." तुरुंगात जेवणाची वेळसुद्धा दुसरे कोणी ठरवते, इथे निर्णय त्या माणसाच्या हाती दिला आहे.

वचन एवढेच की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पत्र टपालात पडेल. दर आठवड्याला लिहीन असे सांगून चौथ्या आठवड्यात खंड पडला, तर वाट पाहणारा माणूस त्याचे कारण स्वतःमध्येच शोधू लागतो, असे पाळकसाहेब सांगतात.

"उत्तर आले नाही तरी पाचवे पत्र येईल. आपला पाळक." ते घडी दुमडतात, कडांना डिंक लावतात आणि वहीत चारच्या पुढे तारीख टाकतात.