रंगनाथन, शियाली की रामामृत?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक विद्यार्थिनी प्रबंधाची संदर्भसूची घेऊन आली. अकारविल्हे लावलेली, सुबक छापलेली. मी वाचत गेलो, तर एकाच माणसाची तीन पुस्तकं तीन ठिकाणी! माणूस कोण? शियाली रामामृत रंगनाथन. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, ज्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन पाळतो. पुस्तकं नेमकी लावायला शिकवणारा माणूस, आणि सूचीत त्याचीच पांगापांग!

पहिलं पुस्तक, १९३१ चं, 'रंगनाथन' खाली होतं. ते बरोबर. १९३३ चं दुसरं 'शियाली' खाली होतं, कारण तिनं कुठंतरी वाचलं होतं की रंगनाथन हे आडनाव नसून त्यांचं स्वतःचं नाव आहे. मग आडनाव काय? तर पहिला शब्द, शियाली! पण शियाली हे गाव आणि रामामृत हे वडील. आडनाव मुळात नाहीच. १९३४ चं तिसरं पुस्तक होतं 'रामामृत' खाली. तिथं संगणकात नाव भरताना 'रंगनाथन शियाली रामामृत' असं, मध्ये स्वल्पविराम न देता, टाकलं होतं. संगणकानं शेवटचा शब्द आडनाव समजून उचलला.

मी तिला विचारलं, "तुझ्या सूचीत किती लेखक आहेत?" ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, "सेहेचाळीस. दोन तर जास्तीचे रंगनाथनच आहेत."

तर लक्षात ठेवा: आधी गाव, मग वडील आणि शेवटी स्वतःचं नाव अशा तमिळ नावांची नोंद स्वतःच्या नावाखाली. पुन्हा सांगतो, गावाखाली नाही, वडिलांखाली नाही; स्वतःच्या नावाखाली. म्हणूनच 'रंगनाथन, एस. आर.'. आणि संगणकात रंगनाथनच्या पुढचा तो स्वल्पविराम विसरू नका. नाव एकच असेल, कुसुमाग्रजांसारखं, तर नाव-आडनावाच्या दोन खणांऐवजी एकाच खणात अख्खं भरा, तोडू नका.

जोडआडनावाचं सोपं आहे: जोशी आधी, जोशी-कुलकर्णी नंतर. क खाली शोधत बसू नका. आपल्या गोव्याचे डिसोझा ड खालीच. पोर्तुगालमध्ये मात्र 'द', म्हणजे आपला 'डि', बाजूला ठेवून सोझा म्हणून लावतात, तेव्हा लेखक कुठला ते आधी पाहा.

आणि ती मुलगी? तिनं सूची दुरुस्त करून आणली. तिन्ही पुस्तकं आता एकाखाली एक, सनावारी. फक्त तिचं स्वतःचं आडनाव मुखपृष्ठावर एका जोडरेषेसह होतं आणि आत त्याविना.