उठण्याआधी दोन बटणं

(लहान दवाखान्यांतले डॉक्टर आणि तिथे काउंटर सांभाळणारे कर्मचारी यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मंडळी, तुमच्या हातातला कागद एकाच बाजूला छापलेला आहे. मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली, कारण हा कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायचा आहे. पेशंटकडे तोंड करून नाही, तुमच्याकडे तोंड करून. त्यावरची पहिली ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरांत आहे: ‘खुर्चीतून उठण्याआधी Windows + L’. आजचा बराचसा वेळ मी या एका ओळीवरच घेणार आहे.

कीबोर्डवर डावीकडे खाली चार चौकटींचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते दाबून धरायचं आणि L दाबायचा, की स्क्रीन लॉक. यावर काउंटरवरून पहिली शंका येते ती ठरलेली: ‘मग माझं अर्धवट भरलेलं बिल जाईल ना?’ नाही जात. लॉक म्हणजे बंद करणं नव्हे. उघडलेला फॉर्म तसाच राहतो, प्रिंटरला दिलेलं काम चालू राहतं, आणि परत येऊन पिन टाकला की जिथे होतात तिथूनच पुढे.

उलट जे लॉक नाही, त्याला लोक लॉक समजतात. मॉनिटरचं बटण दाबून स्क्रीन काळी करणं हे लॉक नाही, कारण तेच बटण पुन्हा दाबलं की पेशंटची यादी समोर हजर. खिडकी खाली करून डेस्कटॉप दाखवणं हेही नाही. आणि फिरणाऱ्या फोटोंचा स्क्रीन सेव्हर तर बहुतेक ठिकाणी नुसता शोभेचा असतो. माऊस हलवला की सगळं उघडं.

आता खरी अडचण. लॉक करायला लागतो एक क्षण, पण उघडायला पासवर्ड लागतो, आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणीतरी हौसेनं लांबलचक ठेवलेला असतो. काउंटरवरची बाई दिवसभरात किती वेळा उठते ते डॉक्टरांनी एकदा बघावं. बेल वाजली उठा, ड्रेसिंगचं सामान द्या उठा, दाराशी लॅबवाला आला उठा. प्रत्येक वेळी तो पासवर्ड टाकायचा तर ती दुसऱ्या दिवशी लॉक करणं सोडेल, किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला डकवेल. दोन्हीत दोष तिचा नाही, मांडणीचा आहे.

म्हणून पिन ठेवा. Windows मध्ये Settings, मग Accounts, मग Sign-in options, तिथे PIN. पिन फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालतो. कुणाला कळला तरी दुसऱ्या ठिकाणी बसून तो वापरता येत नाही. त्यामुळे तो आटोपशीर असला तरी चालतं. सहा आकडी ठेवा. दवाखान्याच्या फोन नंबरातले आकडे मात्र नकोत, तो नंबर बाहेर पाटीवरच लिहिलेला असतो.

विसरलं तर आधार म्हणून आपोआप लॉकही लावा. शोधपट्टीत screen saver टाइप करा, त्यात Wait समोर 5 मिनिटं घाला आणि On resume, display logon screen या ओळीपुढे खूण करा. ती खूण करायची राहिली की सगळं व्यर्थ. लावून झालं की सहा मिनिटं कॉम्प्युटरला हात लावू नका, मग माऊस हलवून पाहा. पिन मागितला तर ठीक, थेट यादी दिसली तर खूण करायची राहिली. काही जण उत्साहाने एक मिनिट ठेवतात. ते टिकत नाही. पेशंटशी बोलता बोलता स्क्रीन लॉक व्हायला लागली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी ते सेटिंगच काढून टाकतं.

कागदावरची दुसरी ओळ आहे, ‘माझं लॉगिन माझंच’. इथे मी कायदा सांगत बसत नाही, एक दुपार सांगतो. प्रसंग रचलेला आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीचा वाटेल. दवाखान्यात काउंटरवर एक ताई, आत कंपाउंडर, संध्याकाळी येणारा एक पार्टटाइम मुलगा. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचं मिळून एकच नाव, reception. पावणेबाराला एका पेशंटचं तीनशे रुपयांचं बिल झालं, पैसे गल्ल्यात गेले, पावती पेशंटच्या खिशात. पावणेएकला डॉक्टरांनी ताईला आत बोलावलं. स्क्रीन उघडी राहिली. तेवढ्यात कुणीतरी ते बिल कॅन्सल केलं आणि तीनशे रुपये उचलले.

रात्री गल्ला मोजला तर हिशेब बरोबर जुळला! कारण बिलही नाही आणि पैसेही नाहीत. गोष्ट उघड झाली चार दिवसांनी. त्या दवाखान्यात आठवड्याच्या आत पुन्हा आलं तर फी नाही, म्हणून पेशंट पावती घेऊन आला आणि सॉफ्टवेअर म्हणतं, हे बिल कॅन्सल आहे. डॉक्टरांनी नोंद काढली. वेळ दुपारी 12:47, कुणी केलं तर reception. आता ताई काय सांगणार? त्या वेळी मी आत होते, हे तिला माहीत आहे, पण नोंदीत तसं कुठेच नाही. लॉगिन वेगळं असतं पण स्क्रीन उघडी टाकली असती, तर त्याहून वाईट झालं असतं, कारण मग नोंदीत थेट तिचंच नाव आलं असतं. दोन्ही मिळून हवं, स्वतःचं लॉगिन आणि उठताना लॉक. पेशंटची गुप्तता राहतेच, पण काउंटरवरच्या माणसाला हे पटतं ते स्वतःच्या नावासाठी, आणि माझ्या मते त्यात गैर काहीच नाही.

शक्य असेल तर Windows मध्येच प्रत्येकाचं वेगळं खातं करा, साधं, Administrator नाही. एकानं लॉक केलं की दुसरा त्याच स्क्रीनवर डावीकडे खाली आपलं नाव निवडून आत येतो. यात दोन मर्यादा आहेत. पहिल्याचं काम मागे चालूच असतं, त्यामुळे 4 जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर रखडतो. आणि दुसऱ्यानं सरळ Shut down केलं तर Windows इशारा देतं की अजून कुणीतरी हा कॉम्प्युटर वापरतंय. तो न वाचता पुढे गेलं की पहिल्याचं न साठवलेलं काम जातं. शिवाय काही जुनी सॉफ्टवेअर दोन खात्यांत एकाच वेळी उघडत नाहीत. तसं असेल तर Windows चं खातं एकच ठेवा, पण सॉफ्टवेअरमधलं लॉगिन प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि माणूस बदलला की लॉगआउट करून नव्या नावानं आत यायचं. थोडा त्रास आहे, पण नोंदीत खरं नाव येतं.

आता मॉनिटरकडे येऊ. लॉक तुम्ही उठल्यावर कामाचा, पण तुम्ही बसलेल्या असतानाही काउंटरवर कोपर टेकून उभा असलेला माणूस वाचतच असतो. अपॉइंटमेंटच्या यादीत नाव, वेळ आणि त्यापुढे ‘कशासाठी’ असा रकाना असतो. ताप, मधुमेह इथवर ठीक. पण स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात त्याच रकान्यात गर्भपाताबद्दल लिहिलेलं असतं आणि ते गावातल्याच कुणाच्या तरी सासूबाई वाचतात. वैद्यकीय गर्भपात कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनं कलम 5A आलं. अशा महिलेचं नाव आणि तपशील, कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला कळू द्यायचे नाहीत ही जबाबदारी त्यात डॉक्टरांवर टाकली आहे, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उपाय मात्र साधा आहे. तो रकाना काउंटरच्या यादीतून काढून डॉक्टरांच्या स्क्रीनवरच ठेवा, आणि मॉनिटर भिंतीकडे वळवा. मग पेशंटच्या जागी उभं राहून स्वतः बघा काय वाचता येतं. नाव वाचता आलं तर अजून वळवा.

तिसरी ओळ व्हॉट्सअ‍ॅपची. लॅबचे रिपोर्ट हल्ली पीडीएफ होऊन तिथेच येतात, काउंटरवर WhatsApp Web उघडलेलं असतं, रिपोर्ट डाउनलोड करून प्रिंट काढतात. प्रिंट पेशंटला जाते, फाइल Downloads मध्ये राहते, बहुतेक वेळा पेशंटच्या नावानंच. आज घरी गेल्यावर नाही, उद्या दवाखान्यात तो फोल्डर उघडून पाहा. रिपोर्ट पेशंटच्या नोंदीत जोडून झाला की संध्याकाळी तो फोल्डर रिकामा करायचा. नुसतं Delete केलं तर फाइल Recycle Bin मध्ये जाते. Shift + Delete केलं तर तिथेही राहत नाही. मात्र नोंदीत जोडलेला रिपोर्ट उघडतोय ना, हे आधी बघा.

आणि कृपा करून ताईंच्या स्वतःच्या नंबरवर रिपोर्ट मागवू नका. डॉक्टर, हे तुम्हाला सांगतोय. दवाखान्याचं वेगळं सिम घ्या. नाहीतर ती नोकरी सोडून गेली तरी शेकडो पेशंटचे रिपोर्ट तिच्या फोनमध्ये राहतात, आणि तिलाही ते ओझंच असतं.

रिपोर्ट पाठवताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सारख्या नावांचा. सुनीता पाटील शोधलं की तीन निघतात. ओळख पटवायची पद्धत कागदावर एका ओळीत आहे: ‘विचारा, सांगू नका’. ‘तुमचा जन्म 1984 चा ना?’ असं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. ‘जन्मतारीख सांगा’ म्हटलं तर त्याला ती माहीत असावी लागते. फोनवर नवरा, दीर, शेजारी, कुणीही विचारलं तरी उत्तर एकच: ‘रिपोर्ट पेशंटनाच देतो, त्यांना फोन करायला सांगा.’ पेशंट स्वतः कागद मागत असेल तर अडवायचं नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं कागदपत्रं मागितली तर ती 72 तासांत द्यायची असतात. तेव्हा मागणी लिहून घ्या, तारीख घाला, डॉक्टरांकडे द्या.

नव्या कायद्याबद्दल विचारलंत म्हणून थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. माहिती बाहेर गेली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती गेली त्या पेशंटनाही कळवावं लागेल. ही जबाबदारी दवाखान्याची, काउंटरवरच्या नोकराची नाही. पण चुकीच्या नंबरावर रिपोर्ट गेला हे सगळ्यात आधी काउंटरलाच कळतं. तिला ओरडा बसेल ही भीती असेल तर ती गप्प मेसेज डिलीट करेल आणि तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून कागदाच्या तळाशी रिकामी चौकट आहे. तिथे डॉक्टरांनी आपला मोबाइल नंबर स्वतःच्या हातानं लिहायचा: ‘काही चुकलं तर लगेच इथे फोन’. पिन मात्र या कागदावर कुठेही लिहायचा नाही.

त्याच चौकटीच्या शेजारी एक छोटी ओळ आहे, ती डॉक्टरांसाठी. माणूस नोकरी सोडेल त्याच संध्याकाळी त्याचं Windows चं खातं आणि सॉफ्टवेअरचं लॉगिन बंद करायचं, आणि दवाखान्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Linked devices उघडून ओळखीचा नसलेला प्रत्येक कॉम्प्युटर लॉगआउट करायचा. ती यादी एरवीही दर सोमवारी बघा.