पहिल्या दिवशी टीमला काय सांगायचं?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते पहिल्या मीटिंगबद्दल. चाकण, भोसरी, हिंजवडी कुठंही काम करत असाल तर हे माहितीच असेल, वरून एका ओळीचं फर्मान येतं, "जुनं सॉफ्टवेअर काढून नवीन टाका", आणि खोलीत स्टोअर्स, क्वालिटी, डिस्पॅच, अकाउंट्स, आयटी सगळे येऊन बसतात, आणि लीड म्हणून तुम्हाला बोलायचं असतं. काम वर्षभर चालणार, पण त्यात नेमकं काय काय येतं हे कुणालाच माहीत नाही.

चाकणमधला गाड्यांचे शाफ्ट बनवणारा एक कारखाना धरा. ती एक ओळ ऐकून स्टोअर्सवाल्यांच्या डोळ्यासमोर बारकोड येतो, अकाउंट्सला जीएसटीचं बिल दिसतं, क्वालिटीला वाटतं की आता तरी कुठला शाफ्ट कुठल्या स्टीलचा हे कळेल. सगळे माना डोलावतात आणि प्रत्येकजण वेगळ्याच कामाला हो म्हणून बाहेर पडतो. म्हणून माझं ठाम मत आहे की भाषणाची सुरुवात सॉफ्टवेअरच्या नावानं करूच नका, ज्याच्यासाठी हे चाललंय ती एक गोष्ट सांगा, जी तपासता येईल अशी. उदाहरणार्थ, "गिऱ्हाइकाकडून एक खराब शाफ्ट परत आला तर तो कुठल्या हीट नंबरच्या, म्हणजे एकाच वेळी वितळवून ओतलेल्या कुठल्या स्टीलचा आणि त्याच स्टीलचे बाकीचे शाफ्ट कुठल्या पेट्यांत गेले, हे आज शोधायला दोन दिवस जातात, ते अर्ध्या तासात सापडलं पाहिजे." आता बारकोड या कामात धरायचा की नाही हे या वाक्याला विचारता येतं.

मग फळ्यावर लिहायचं, आपल्याला काय माहीत नाही. आणि प्रत्येक प्रश्नापुढे एका माणसाचं नाव, एक तारीख. डिपार्टमेंटचं नाव नको हं, माणसाचं.

यातला एकच प्रश्न घेऊ. हे शाफ्ट हीट ट्रीटमेंटला भोसरीला जॉब वर्कवर जातात आणि चलनावर परत येतात. हा बाहेरचा प्रवास आपल्या कामात धरायचा का? खोलीत बसून याचं उत्तर मिळत नाही. डिस्पॅचचा एक आणि क्वालिटीचा एक असे दोघं भोसरीला जाऊन भट्टीपाशी उभे राहिले तर दिसतं की तिथं भट्टी भरायची म्हणून आपले दोन लॉट एकाच चार्जमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकाच खेपेत टाकतात, बाहेर काढून एकाच क्रेटमध्ये भरतात, आणि आपल्या गेटवर चलनावर फक्त नग मोजले जातात. म्हणजे आत कितीही भारी सिस्टीम लावा, माग तिथंच तुटतो! मग दोनच रस्ते उरतात, एक तर लॉट वेगळे भाजायला सांगायचे आणि अर्धवट भरलेल्या भट्टीचे जास्त पैसे द्यायचे, नाहीतर चार्ज नंबर लिहून घ्यायचा आणि खराब माल निघाला तर दोन्ही लॉट अडवायचे. हा निर्णय आयटीचा नाहीच. तो कोण घेणार, तेही पहिल्याच दिवशी नाव घेऊन सांगा, नाहीतर क्वालिटी आणि डिस्पॅच दोन महिने ईमेलवर भांडत बसतील.

आणि गंमत बघा, अकाउंट्सलाही तेच चलन हवं असतं, कारण जॉब वर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एरवी एका वर्षात परत आला नाही तर जीएसटीच्या दृष्टीनं पाठवल्या दिवशीच तो पुरवला असं धरलं जातं. एकाच कागदावर तीन डिपार्टमेंटचा जीव अडकलाय हे असं फळ्यापाशी सगळे उभे राहिले की कळतं.

आता तारीख. कुणीतरी विचारणारच, "कधी संपणार?" तिथं "मार्च" असं तोंडातून गेलं की तुम्ही अडकलात. अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनिअर बॅरी बोहेम यांनी १९८१ साली सॉफ्टवेअरच्या अंदाजांबद्दल मांडलंय की कल्पना नुसती डोक्यात असते तेव्हाचा अंदाज चौपटीनं चुकू शकतो, दोन्ही बाजूंना. म्हणून शेवटची तारीख देऊ नका, पुढच्या निर्णयाची द्या, "सहा आठवड्यांनी मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लागेल ते सांगेन, आणि काय वगळलं तेही." साहेबांना हे आवडत नाही, मान्य, पण त्यांच्याशी हे मीटिंगच्या आधीच बोलून घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे फळ्यावरची यादी वाढत गेली तर घाबरू नका, लोक खरंच जाऊन बघतायत असा त्याचा अर्थ. यादी जशीच्या तशी राहिली तर मात्र कुणी जागचं हललेलं नाही. दुसरी खूण म्हणजे एखादं डिपार्टमेंट दर मीटिंगला नवीनच माणूस पाठवतं, तेव्हा समजा की त्यांच्या हेडनं या कामाला वेळच दिलेला नाही, त्यामुळे "आठवड्याला किती तास देणार?" हे हेडच्या तोंडून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर वदवून घ्या.

आणि प्रश्न विचारायची वेळ आली की मॅनेजर लोकांना थोडं थांबवा, आधी गेटवर चलन फाडणाऱ्याला बोलू द्या. साहेब एकदा बोलले की तो काही बोलणार नाही, आणि भोसरीहून क्रेट कसे येतात ते त्यालाच माहीत असतं.