ताट पुसल्यावर सुरमईचे काय होते

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

या सभागृहात मेन्यूकार्ड करणारे आणि करून घेणारे असे दोन्हीकडचे लोक बसले आहेत, त्यामुळे प्रास्ताविकात वेळ घालवत नाही. जेवणाच्या टेबलाचा एक फोटो आपल्याकडे येतो; त्यात ताट, वाट्या, चमचे, पाण्याचा पेला आणि खाली सनमायका असे सगळे असते, आणि सांगितले जाते की यातली फक्त सुरमई काढून द्या. बाकीचे पुसले की काम झाले, असा समज आहे. माझे म्हणणे असे आहे की ताट पुसता येते, पण ताटाने पदार्थावर जे करून ठेवलेले असते ते पुसले जात नाही, आणि आपले खरे काम तिथून सुरू होते. त्यातही शेवटी सावलीविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे.

आधी कोणता पदार्थ भांड्यातून बाहेर काढता येतो, हे ठरवावे लागते. माझ्याकडे एक तरुण सहकारी नव्याने रुजू झाला होता आणि पाथ मारण्यात, म्हणजे पदार्थाच्या कडेने रेघ आखून तो कापून घेण्यात, त्याचा हात चांगला होता. एका उपाहारगृहाची मिसळ त्याच्याकडे दिली, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे टेबल काढले, चमचा काढला, पाव बाजूला घेतला आणि शेवटी वाटीही काढली. कडा इतक्या स्वच्छ होत्या की मीही तो फोटो पुढे पाठवला. मालकांचा लगेच फोन आला, "अहो, आमच्याकडे मिसळ वाटीत देतात, सांडून नाही देत." त्यांचे बरोबर होते. तर्रीला स्वतःचा आकार नसतो. तिची कड म्हणजे वाटीची आतली कड. वाटी गेली की उरते ती लाल चकती, आणि तिच्यावर तरंगणारे फरसाण कागदावर चिकटवल्यासारखे दिसते. त्या दिवसापासून आमच्याकडे एक साधी कसोटी आहे: पदार्थ रिकाम्या टेबलावर ठेवला तर तो तसाच उभा राहील का? कोथिंबीर वडी राहील, सुरमईची तुकडी राहील, थालीपीठ राहील. रस्सा, आमटी, सोलकढी, श्रीखंड यांना त्यांचे भांडे ठेवावे आणि केवळ टेबल पुसावे.

आता सुरमईकडे येतो, कारण तिच्यावरच मी सर्वाधिक शिकलो. कोकणातल्या एका खानावळीचा फोटो होता. स्टीलचे उभ्या कडेचे ताट, त्यात रवा लावून तळलेली एक तुकडी, बाजूला कांद्याच्या चकत्या, लिंबाची फोड, सोलकढीची वाटी, आणि तुकडीच्या शेपटीकडच्या टोकावर आडवा पडलेला जेवणाचा काटा. उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. मेन्यूवर तुकडी सहा सेंटिमीटर रुंद हवी होती.

पहिला हिशेब पिक्सेलचा. छपाईला ३०० डीपीआय धरले तर सहा सेंटिमीटरसाठी सुमारे ७१० पिक्सेल लागतात. मोबाइलच्या मूळ फोटोची रुंदी ४००० पिक्सेल होती आणि तुकडीने तिचा चौथा हिस्सा व्यापला होता, म्हणजे १००० पिक्सेल, म्हणजे काम निभावत होते. पण आमच्याकडे आधी आला तो संदेशातून पाठवताना लहान झालेला, १६०० पिक्सेलचा फोटो. त्याच्या चौथ्या हिश्श्यात ४०० पिक्सेल बसतात आणि ते साडेतीन सेंटिमीटरच्या आतच संपतात. पूर्ण टेबलाच्या फोटोतून एकच पदार्थ काढताना आपण फोटोचा लहानसा तुकडाच वापरत असतो, त्यामुळे टेबल म्हणून सुबक दिसणारा फोटो पदार्थ म्हणून अपुरा पडतो. मूळ फाइल मागवली, तीही फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली, आणि मगच हात लावला.

मग पाथ. फोटोशॉपमध्ये २०० टक्के मोठे करून, पेन टूलने, दिसणाऱ्या कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून. आतून घेण्याचे कारण असे, की अगदी कडेच्या पिक्सेलमध्ये मासा आणि स्टील दोघांचे रंग मिसळलेले असतात. ते घेतले तर काळ्या पानावर तुकडीभोवती पांढुरकी रेघ उमटते. पाथवरून सिलेक्शन करून लेअर मास्क लावायचा, खोडरबर चालवायचा नाही. मास्कमध्ये काळ्याने झाकलेले पांढऱ्याने परत आणता येते, आणि या कामात परत आणण्याची वेळ हमखास येते.

इथपर्यंत सगळे माझ्या सवयीचे होते, आणि तरीही पहिली प्रत चुकली. तुकडी खालच्या बाजूने विचित्र जाड दिसत होती. मोठे करून पाहिले तेव्हा कळले की पुसलेले स्टील आरशासारखे होते, तुकडीचे प्रतिबिंब त्यात पडले होते, आणि मी माशाची कड समजून प्रतिबिंबाची कड धरली होती. प्रतिबिंब ओळखायची खूण आहे. रव्याचा एखादा करपलेला दाणा शोधा. त्याच्या बरोबर खाली तोच दाणा उलटा आणि किंचित मंद दिसला, तर या दोघांच्या मधल्या सर्वांत गडद रेघेपाशी मासा संपतो. तीच टेकण्याची रेघ. पाथ तिथून गेला पाहिजे.

दुसरी अडचण ताटाच्या कडेची. फोटो साधारण ४५ अंशांतून काढला होता. या कोनातून पाहताना दोन सेंटिमीटर उंचीची उभी कड आपल्या मागचा दोन सेंटिमीटर तळ झाकते. तुकडी पुढच्या कडेला चिकटून ठेवली होती, म्हणून तिचा खालचा कोपरा कडेआड गेला होता. ताट असते तेव्हा हे खटकत नाही, कारण मासा कडेमागे आहे हे डोळ्याला कळते. ताट गेले की तो कोपरा सुरीने गोलाकार कापल्यासारखा दिसतो. जे कॅमेऱ्याने पाहिलेच नाही ते काढता येत नाही. ते नव्याने रंगवावे लागते, आणि मी ते टाळतो. सुदैवाने खानावळीच्या मालकांनी त्याच वेळी वरून काढलेला दुसरा फोटो पाठवला, त्यात कोपरा पूर्ण होता, आणि आम्ही त्याच फोटोवर गेलो. हॉटेलचालक इथे आहेत म्हणून आग्रहाने सांगतो: पदार्थ वेगळा काढायचा असेल तर तो ताटाच्या मध्यावर ठेवा, काटे-चमचे हातभर लांब सरकवा आणि तोच पदार्थ दोन कोनांतून टिपा.

काटा मात्र दुसऱ्या फोटोतही होता. त्याच्या दांड्याखाली कुरकुरीत थराची बोटभर पट्टी झाकली गेली होती. ती क्लोन स्टॅम्पने शेजारच्या थरावरून भरली. इथे फसगत अशी होते, की एकाच जागेवरून दोन-तीनदा उचलले तर तोच काळा दाणा ओळीने तीन ठिकाणी बसतो आणि पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी काहीतरी खोटे आहे हे जाणवते. प्रत्येक फटकाऱ्याला नवी जागा घ्यावी. पट्टी अरुंद होती म्हणून हे जमले. अर्धी तुकडी झाकली असती तर मी फोटो परत पाठवला असता, कारण ग्राहकाच्या पानात न येणारा मासा मेन्यूवर रचणे मला मान्य नाही.

रव्याच्या कडेविषयीही थोडे थांबतो. पाथची रेघ गुळगुळीत असते आणि रव्याची कड तशी नसते. नुसत्या पाथने काढलेली सुरमई पुठ्ठ्याची वाटते. म्हणून मास्कवर तीन-चार पिक्सेलच्या कडक ब्रशने, मूळ फोटो पाहत, बाहेर आलेला एकेक दाणा परत आणला आणि खाचा आत घेतल्या. याला वीस मिनिटे लागली. वर पेरलेल्या कोथिंबिरीच्या पानांसाठी मात्र Select and Mask मधला कडा सुधारण्याचा ब्रश चालतो, आणि तिथे Decontaminate Colors ही खूण केली की पानांच्या कडांना लागलेला मागचा रंग निघतो. रव्यावर ती खूण करू नये. दाण्यांचा तपकिरी रंग धुतल्यासारखा होतो.

कड बरोबर आली की नाही, हे बुद्धिबळाच्या चौकटींसारख्या पारदर्शक पटावर कळत नाही. तुकडीच्या खाली आळीपाळीने तीन सपाट थर ठेवून पाहतो: पांढरा, काळा आणि भडक हिरवा. पांढऱ्यावर ताटाच्या सावलीचे उरलेले तुकडे दिसतात, काळ्यावर स्टीलची उजळ रेघ दिसते आणि हिरव्यावर आत राहिलेली भोके दिसतात. आमच्या फोटोत कांद्याच्या चकतीच्या मधल्या पोकळीत सनमायक्याचा नारिंगी रंग ताटावरून परावर्तित होऊन बसला होता, तो हिरव्यावरच सापडला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि सावली अजून सुरूही झालेली नाही. तेव्हा ती आटोपशीर सांगतो.

मूळ सावली ताटावर पडलेली असते, ताटाच्या चकाकीसह, म्हणून ती सोबत आणता येत नाही. नवी करावी लागते. तुकडीखाली दोन वेगळे लेअर घ्यावेत, दोन्ही Multiply मोडवर. पहिल्यात टेकण्याच्या रेघेला लागून अरुंद, गडद सावली, शुद्ध काळ्याऐवजी माशाच्या खालच्या बाजूवरून उचललेल्या गडद तपकिरी रंगाची, साठ-सत्तर टक्के. हीच पदार्थाला पानावर बसवते; ती नसली की सुरमई हवेत तरंगते. दुसऱ्यात तुकडीच्याच आकाराची, बरीच धूसर केलेली, वीस-पंचवीस टक्क्यांची सावली, उजेडाच्या विरुद्ध दिशेला सरकवलेली. आमच्या फोटोत खिडकी डावीकडे, म्हणून सावली उजवीकडे. पानावर जागा जुळावी म्हणून तुकडी आडवी उलटवली तर उजेडही उलटतो, आणि शेजारच्या कोथिंबीर वडीची सावली एकीकडे तर सुरमईची दुसरीकडे जाते. म्हणून उलटवायचे नाही, पानाची मांडणी बदलायची. वरून काढलेल्या फोटोला सावली चहूबाजूंनी थोडी आणि एका बाजूला जराशी जास्त द्यावी. लांब सावली दिली तर तुकडी उभी असल्याचा भास होतो.

ताटाऐवजी केळीचे पान असेल तर तुकडीच्या खालच्या बाजूला हिरवट झाक येते. तुकडीपुरताच लागू होईल असा लेअर वर घेऊन, Color मोडमध्ये, शेजारच्या थराचा रंग उचलून तीस-चाळीस टक्क्यांनी मऊ ब्रश फिरवला की ती निघते.

फाइल देताना जेपीजी देऊ नये, त्यात पारदर्शकता राहत नाही आणि पुसलेले टेबल पांढरा चौकोन होऊन परत येते. स्क्रीनवरच्या मेन्यूसाठी पीएनजी पुरते. छापखान्यासाठी ते उपयोगाचे नाही, कारण पीएनजीमध्ये सीएमवायके रंग बसत नाहीत. तिथे लेअर राखलेली पीएसडी फाइल द्यावी आणि सावलीचे दोन्ही लेअर वेगळेच ठेवावेत. मालक छपाईच्या आदल्या दिवशी पानाचा रंग पांढऱ्याचा काळा करायला सांगतात, आणि तेव्हा फक्त सावली पुन्हा करावी लागते, सुरमई नाही.