चंद्रावरचं विवर मोजताना

नमस्कार श्रोतेहो. शुक्ल नवमी-दशमीच्या संध्याकाळी नाशिकच्या गच्चीवरून चंद्र चांगला वर असतो. छोट्या दुर्बिणीला मोबाइल किंवा कॅमेरा लावून त्याचा फोटो घ्या. आज या एकाच फोटोवरून आपण प्लेटो नावाचं विवर मोजू. चंद्राच्या उत्तर भागात, तळ गडद असलेलं हे लांबट विवर चटकन सापडतं.

चंद्राचा व्यास सुमारे ३४७४ किलोमीटर. फोटोत तो किती पिक्सेल भरतो, ते आधी बघायचं. नवमीला डावी-उजवी उजळ रुंदी मोजून चालत नाही, कारण एका बाजूचा भाग अंधारात असतो. उजळ, गोल कडेवर संगणकात पूर्ण वर्तुळ बसवा आणि त्याचा व्यास घ्या. समजा तो १५०० पिक्सेल आला. ३४७४ भागिले १५००, म्हणजे एक पिक्सेल साधारण २.३ किलोमीटरचा.

आता प्लेटो. पूर्व-पश्चिम ४४ पिक्सेल भरतो, पण उत्तर-दक्षिण जेमतेम २७. पहिल्या मापाने व्यास १०२ किलोमीटर येतो, दुसऱ्याने ६२. खरं कोणतं? बांगडी तिरकी धरली की लांबट दिसते, पण तिची सगळ्यात लांब बाजू आखडत नाही. चंद्राच्या कडेकडच्या विवरांचं तसंच आहे. केंद्राकडून कडेकडे जाणारं माप आखडतं, कडेला समांतर असलेलं टिकतं. म्हणून लांब बाजूच धरायची. प्लेटोचा नोंदलेला व्यास सुमारे १०१ किलोमीटर आहे, नाशिकहून मालेगाव जेवढं लांब, साधारण तेवढा.

विवर खरोखर गोल आहे का, हेही फोटोतूनच पडताळता येतं. चकतीच्या मध्यापासून प्लेटो सुमारे ५९३ पिक्सेलवर आहे. त्याला त्रिज्येने, म्हणजे ७५० ने भागलं की ०.७९ येतात. चंद्राच्या गोळ्याच्या केंद्रातून एक रेघ आपल्याकडे आणि दुसरी प्लेटोकडे काढली, तर त्यांच्यातल्या कोनाची ही साइन. त्याच कोनाची कोसाइन ०.६१, आणि गोल विवराची आखूड बाजू लांब बाजूच्या तेवढ्याच पट दिसायला हवी. ४४ गुणिले ०.६१ म्हणजे २७. जुळलं! चंद्र आपल्याकडे बघत किंचित डुलतो, त्यामुळे ही आखूड बाजू महिन्यागणिक थोडी कमीजास्त भरेल. लांब बाजू मात्र जवळपास तेवढीच राहील.

चूक होते ती बहुतेक विवराच्या काठावर. चंद्राच्या व्यासात दहा पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी उत्तर एक टक्काही हलत नाही. विवराच्या काठात दोन पिक्सेल चुकले, तर साडेचार किलोमीटर गेले. आतली काळी सावली म्हणजे काठ नव्हे. काठाचा माथा धरा, दोन्ही बाजूंना. पौर्णिमेच्या फोटोत सावल्याच नसतात, त्यामुळे काठ शोधणं कंटाळवाणं होतं. माझ्या मते ती रात्र या कामासाठी सोडूनच द्यावी. मावळतीला टेकलेला चंद्रही नको. आपल्या हवेने तो उभा दबलेला दिसतो आणि वर्तुळ नीट बसतच नाही.