चाळीस किलो सूत गेलं कुठं?

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. टेम्पोतून सुताची बाचकी उतरतायत. मागांचा खडखडाट.]

सोलापुरात टॉवेल विकणारा आणि टॉवेल विणणारा एकच असेल, असं काही नाही. ऑर्डर एकाची, सूत त्याचंच, माग मात्र पूर्व भागातल्या दुसऱ्या कुणाचे. सूत चलनावर बाहेर जातं, टॉवेल होऊन परत येतं आणि मागवाल्याला मिळते फक्त मजुरी. माल कारखानदाराचा, पण तो आहे दुसऱ्याच्या छपराखाली. हिशेब बिघडतो तो या मधल्या टप्प्यावर.

हिशेब कसा बिघडतो ते कळावं म्हणून एक ऑर्डर घेऊ. आकडे समजून घेण्यापुरते आहेत. अडीच हजार टॉवेल, एकाचं वजन 400 ग्रॅम. सूत रंगवून आणलेलं, डबल, कांजी न दिलेलं. कांजी असती तर तिचंही वजन टॉवेलात आलं असतं आणि पुढची बेरीज वेगळी झाली असती. विणताना थोडं सूत वाया जातं, ते धरून कारखानदारानं बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो त्या यादीत, एका टॉवेलला 412 ग्रॅम सूत लावलंय. म्हणजे हजाराला 412 किलो आणि पूर्ण ऑर्डरला 1,030.

[दृश्य: संगणकाचा पडदा. `Purchase Order`, त्यावर `Is Subcontracted` ला टिक.]

हा कारखाना मालाच्या हिशेबाला ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर वापरतो. पर्चेस ऑर्डर निघते ती मजुरीची. विकत घ्यायची वस्तू म्हणजे विणकाम आणि त्याला तयार माल म्हणून टॉवेल जोडलेला. त्यातून `Subcontracting Order` तयार होते. मग सूत पाठवायची नोंद, `Send to Subcontractor`. या नोंदीनं सूत विकलं जात नाही. ते कारखान्याच्या गोदामातून मागवाल्याच्या नावानं उघडलेल्या गोदामात सरकतं, एवढंच. मालकी जिथल्या तिथं. गाडीसोबत जाणारं चलनही त्यामुळं विक्रीचं बिल नसतं.

इथं पहिली ठेच लागते. बाचकी पन्नास किलोची. 1,030 किलोसाठी बाचकं फोडून कोण देणार? एकवीस बाचकी जातात, म्हणजे 1,050 किलो. मागणीपेक्षा जास्त माल जातोय म्हणून सिस्टीम अडवते. `Over Transfer Allowance` मध्ये दोन टक्के सूट टाकली की नोंद होते. काही ठिकाणी वैतागून ही सूट पंचवीस टक्क्यांवर नेऊन ठेवतात. मग किती सूत बाहेर गेलं, यावर पहाराच उरत नाही.

[दृश्य: माग. फणी दोन धाग्यांना अंतर ठेवून थांबते, तिसऱ्याला पुढं येऊन ठोकते. लूप उभे राहतात.]

टॉवेल हप्त्याहप्त्यानं येऊ लागतात. दर वेळी `Subcontracting Receipt` होते आणि टॉवेल मोजून जमा होतात. पण सूत? ते कुणी मोजत नाही. सेटिंग जसं आलं तसं ठेवलं, तर सिस्टीम बीओएम बघते आणि टॉवेलांना 412 ग्रॅमनं गुणून तेवढं सूत मागवाल्याच्या गोदामातून वजा करते. खरं किती लागलं, ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

2,450 टॉवेल आले. मग मागवाल्यांचा फोन.

"शेठ, सूत संपलं. पन्नास टॉवेल राहिलेत, एक बाचकं पाठवा."

"अण्णा, तुमच्या नावावर अजून चाळीस किलो दिसतंय."

"दिसत असंल. गोदामात येऊन बघा, दीड किलोबी नाही."

[दृश्य: वजनकाट्यावर टॉवेलांचा गठ्ठा.]

अशा वेळी शेठच्या मनात काय येतं, ते सोलापुरात वेगळं सांगायला नको. पुढच्या बिलातून चाळीस किलो सुताचे पैसे कापायचे, असं ठरूनही जातं. पण त्याआधी गठ्ठा काट्यावर टाकला तर? शंभर टॉवेल 40 किलो भरायला हवेत. भरले 41 किलो 800 ग्रॅम.

एका टॉवेलामागं 18 ग्रॅम जास्त. 2,450 टॉवेलांत झाले 44 किलो. म्हणजे सूत टॉवेलातच बसून शेठच्या गोदामात आलंय. मागवाल्यांनी सांभाळून ठेवलेलं वेस्टेज भरलं साडेचोवीस किलो. बीओएमनं एवढ्या टॉवेलांना त्यांना 29 किलोच्या वर सूट दिली होती. ज्यांच्यावर संशय होता, त्यांनी उलट पाच किलो सूत वाचवलंय.

वजन वाढलं कशानं? टॉवेलाच्या कडेजवळची दहा सेंटीमीटरची पट्टी घ्या. त्यातला लूपचा एक धागा हळूच उपसून फूटपट्टीवर सरळ करा. ठरल्याप्रमाणं तो 50 सेंटीमीटर भरायला हवा, इथं भरला 54. लूपचे धागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या बीमचा ताण ढिला होता, त्यामुळं प्रत्येक लूप जरा उंच उठला. हवेतल्या दमटपणानंही सुताचं वजन बदलतं. म्हणून पाठवताना आणि परत घेताना काटा एकच असावा, आणि पावसाळ्यात तर अर्ध्या-एक टक्क्यावरून कुणाला चोर ठरवू नये. पण इथं फरक साडेचार टक्क्यांचा आहे. तो हवेवर ढकलता येणार नाही.

नुकसान शेठचं झालंच. खरा वापर एका टॉवेलाला 428 ग्रॅम, सिस्टीमनं धरला 412. सूत अडीचशे रुपये किलो धरा, टॉवेलामागं चार रुपये किमतीत आलेच नाहीत. गिऱ्हाईकाला भाव मात्र नगावर दिलेला.

[दृश्य: पडदा. `Buying Settings`.]

इलाज एका ओळीत आहे. `Backflush Raw Materials of Subcontract Based On` इथं `BOM` च्या जागी `Material Transferred for Subcontract` निवडायचं. मग पावती करताना वापरलेल्या सुताचा रकाना हातानं बदलता येतो. टॉवेलांचं वजन अधिक वेस्टेजचं वजन, तो आकडा तिथं भरायचा.

पण या पर्यायालाही एक खोड आहे. तो पाठवलेल्या सुताच्या प्रमाणात आकडा सुचवतो, इथं हजाराला 420. आणि ऑर्डरचे शेवटचे टॉवेल जमा करताना, उरलेलं सगळं सूत वापरलं असं धरतो. न बघता ओके केलं की गोदाम शून्यावर येतं आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. खरोखर बाचकं गायब झालं असेल तर तेही त्या शून्यात बुडतं. म्हणून शेवटच्या पावतीआधी मागवाल्याकडं जाऊन उरलेलं सूत वजन करायचं आणि `Return of Components` नं परत आणायचं.

[दृश्य: चलनांची फाईल.]

समजा हे काहीच केलं नाही आणि ते चाळीस किलो नुसतेच कागदावर पडून राहिले? जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणं मजुरीवर दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर शेठनं तो मागवाल्याच्या जागेवरूनच थेट विकायला हवा. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी मागवाल्याला विकला असं धरतात, आणि कर व्याजासकट शेठच्या अंगावर येतो. हा सगळा माल फॉर्म `ITC-04` मध्ये दाखवावा लागतो. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, त्याखाली असेल तर वर्षातून एकदा. जे सूत टॉवेल होऊन विकलंही गेलं, ते तिथं मागवाल्याकडं पडून दिसत राहतं.

[दृश्य: माग थांबलेला. मागवाले लूपच्या बीमचा ताण आवळतायत.]

या ऑर्डरीत पैसे कापायचं रद्द झालं, बावीसावं बाचकं गेलं, पन्नास टॉवेल पूर्ण झाले. बीओएम 412 वरच ठेवलं, कारण चूक तिथं नव्हती, मागावर होती. आता पहिले पंचवीस टॉवेल उतरले की ते काट्यावर जातात. दहा किलो भरले तरच माग पुढं चालतो.